सहाशेच्या प्लॅनचं अकराशे ऐंशीचं बिल

घरी ब्रॉडबँड बसवलं की पहिल्या बिलानंतर मदत केंद्राला फोन ठरलेला: ‘जाहिरातीत 600 रुपये आणि बिल 1180चं कसं?’ नवखा कर्मचारी सवयीनं सांगतो, ‘सर, टॅक्स लागतो.’ ग्राहक तोंडी हिशेब करतो. 600वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 108. मग उरलेले 472 रुपये कसले? इथे कर्मचारी अडखळतो आणि ग्राहकाला फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर रुपयांत शोधण्यापेक्षा दिवसांत शोधावं. आपला ग्राहक 11 जूनला जोडला गेला आणि कंपनीचं बिलचक्र दर महिन्याच्या 1 तारखेला सुरू होतं, असं समजा. 11 ते 30 जून हे 20 दिवस मधलेच. त्यांचं भाडं दिवसाला 20 रुपयांप्रमाणे 400. शिवाय अनेक कंपन्या घरभाड्यासारखं पुढच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेतात, म्हणजे जुलैचे 600. झाले 1000, त्यावर जीएसटी 180. बिल एका महिन्याचं नाहीच, 51 दिवसांचं आहे. ते 472 म्हणजे जूनचे 400 आणि त्यांवरचा 72 रुपये कर.

कर्मचाऱ्यानं हे सांगताना क्रम पाळला तर निम्मा राग तिथेच उतरतो. आधी सांगावं, ‘पुढचं बिल 708चं येईल.’ ग्राहकाला खरी धास्ती असते ती दर महिन्याला एवढेच भरावे लागतील की काय, याची. मग बिल उघडायला लावून ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखा त्याच्याकडूनच वाचून घ्याव्यात. ‘प्रो-रेटा’ हा शब्द बिलावर असला तरी तोंडी ‘मधल्या दिवसांचं भाडं’ म्हणावं. आणि करवगळून किंमत मोठ्या अक्षरांत छापणारी जाहिरात दिशाभूल करते, असं ग्राहक म्हणाला तर वाद घालू नये. माझ्या मते त्याचं बरोबर आहे.

पण हा हिशेब पाठ झाला की एक धोका असतो: प्रत्येक मोठं बिल त्यातच बसवलं जातं. म्हणून पहिली तारीख नीट विचारावी. राऊटर 16 जूनला बसला आणि बिल 11 पासून धरलं असेल, तर पाच दिवसांचे 100 रुपये आणि त्यांवरचे 18 कर, एकूण 118 जास्त लागलेत. बसवणीचा खर्च किंवा न मागितलेली एखादी सेवा वेगळ्या ओळीत दिसली, तर ती विक्रीच्या वेळी सांगितली होती का, हे अर्जावरून ताडून पाहावं. परत मिळणारी अनामत असेल तर तिच्यावर कर लागलेला नसावा. यातलं काहीही चुकलेलं दिसलं, तर समजूत काढत न बसता तक्रार नोंदवावी आणि फोन ठेवण्याआधी तिचा डॉकेट क्रमांक ग्राहकाला लिहून घ्यायला सांगावा.