कच्चं डुक्कर खाणारा देश आणि एक मिलिमीटरची अळी

न्युरेम्बर्गमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. सकाळी बेकरीत पावाच्या अर्ध्या भागावर गुलाबी खिमा थापून वर कच्चा कांदा पेरलेला दिसतो. ते 'मेट' म्हणजे डुकराचं पूर्णपणे कच्चं मांस असतं आणि लोक कॉफीबरोबर ते आरामात खातात. त्याच आठवड्यात ऑफिसातला एखादा शिकारी सहकारी रानडुकराची मांडी देतो आणि बजावून सांगतो, "नीट शिजवा हं, आतपर्यंत." एकाच प्राण्याच्या बाबतीत असे दोन नियम का? याचं उत्तर एका अळीत आहे. त्या अळीला आवरण्याच्या कहाणीतला एक माणूस आपल्या अगदी शेजारच्या गावचा, एर्लांगेनचा आहे.

त्याचं नाव फ्रीडरिश आल्बर्ट फॉन त्सेंकर. १८६२ पासून तो एर्लांगेन विद्यापीठात विकृतिशास्त्राचा प्राध्यापक होता, पण ज्या शोधामुळे त्याचं नाव राहिलं तो त्याने त्याआधी ड्रेस्डेनमध्ये लावला. जानेवारी १८६० मध्ये तिथल्या रुग्णालयात एक तरुण मोलकरीण दाखल झाली. ताप, थकवा, सगळ्या अंगाचे स्नायू दुखून वाकडे झालेले. डॉक्टरांना विषमज्वराचा संशय होता. ती मुलगी वाचली नाही. शवविच्छेदनात त्सेंकरने तिच्या स्नायूंचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तिथे जिवंत अळ्यांची गर्दी होती. आतड्यात त्याच जातीचे प्रौढ किडे सापडले.

ही अळी तोवर डॉक्टरांना अपरिचित नव्हती. १८३५ मध्ये लंडनमध्ये जेम्स पॅजेट नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने मृतदेहाच्या स्नायूंत खडीसारखे बारीक कण पाहिले होते आणि रिचर्ड ओवेनने त्यातल्या जीवाला 'ट्रिकिनेला' याच नावाच्या जवळचं नाव दिलं होतं. पण सगळे तिला निरुपद्रवी समजत होते, मेलेल्या माणसात सापडणारी एक गंमत. त्सेंकरने पुढचं पाऊल टाकलं. ती मुलगी जिथे काम करत होती तिथे त्याने चौकशी केली. नाताळाच्या सुमारास तिथे डुक्कर कापलं होतं, घरातले इतर लोकही आजारी पडले होते, आणि उरलेल्या हॅम व सॉसेजमध्ये त्याच अळ्या निघाल्या. मांस, आतडं आणि स्नायू ही साखळी पहिल्यांदा एका माणसात पूर्ण दिसली.

ती साखळी थोडी उलगडून पाहू, कारण पुढचे सगळे नियम तिच्यातूनच येतात. अळी जेमतेम एक मिलिमीटर लांब असते आणि प्राण्याच्या स्नायूपेशीत गुंडाळी करून, भोवती कोष करून बसते. असं मांस आपण अर्धकच्चं खाल्लं की आपल्या पोटातलं आम्ल आणि पेप्सिन मांसाबरोबर तो कोषही विरघळवतात. अळीचा मात्र पचनरसात बळी जात नाही. ती लहान आतड्याच्या अस्तरात शिरते आणि दोनेक दिवसांत प्रौढ होते. साधारण पाचव्या दिवसापासून मादी अंडी न घालता थेट शेकडो जिवंत पिल्लं सोडू लागते. ती रक्तातून सगळ्या अंगभर फिरतात आणि सतत हलणाऱ्या स्नायूंत घर करतात: श्वासपटल, जीभ, जबडा, डोळ्यांभोवतीचे स्नायू. म्हणून आधी जुलाब, मग एक-दोन आठवड्यांनी ताप, स्नायूंची तीव्र दुखणी आणि डोळ्यांभोवती सूज येते. हा डोळ्यांचा सुजरेपणा आणि रक्तात वाढलेल्या इओसिनोफिल पेशी ही डॉक्टरांसाठी मोठी खूण असते. औषध आहे (अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोल), पण ते किडे आतड्यात असतानाच सर्वांत चांगलं लागू पडतं. अळ्या स्नायूंत शिरल्यावर तिथून त्यांना पुरतं काढणं अवघड होतं.

हे कळूनही लोकांची सवय लगेच सुटली नाही. १८६५ मध्ये हेडर्सलेबेन या प्रशियाच्या गावात एकाच डुकराच्या कच्च्या खिम्यामुळे ३३७ लोक आजारी पडले आणि १०१ दगावले. बर्लिनमधला विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्शो तोवर सक्तीच्या मांसतपासणीसाठी भांडत होता. (त्याच काळात बिस्मार्कने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं, फिर्शोने शस्त्र म्हणून अळीवालं सॉसेज निवडलं ही गोष्ट मात्र रंगवून सांगितलेली आहे.) १८७७ मध्ये प्रशियाने डुकरांची ट्रिकिनेलासाठी तपासणी सक्तीची केली. तपासनीस मांसाचे तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे दोन जाड काचांत चेपून सूक्ष्मदर्शकाखाली बघत.

आजची पद्धत मला जास्त आवडते, कारण ती आपल्याच पोटाची नक्कल आहे. कत्तलखान्यात प्रत्येक डुकराच्या श्वासपटलाच्या मुळाशी असलेल्या जाड भागातून सुमारे एक ग्रॅम मांस घेतात. शंभर डुकरांचे शंभर ग्रॅम एकत्र करून बारीक करतात. दोन लिटर कोमट पाण्यात २५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल १६ मिलिलिटर आणि पेप्सिन १० ग्रॅम घालून त्यात हा खिमा टाकतात. मिश्रण ४४ ते ४६ अंश सेल्सियसवर चुंबकीय ढवळणीवर साधारण अर्धा तास फिरतं. मांस विरघळून जातं, अळ्या राहतात. मग ते १८० मायक्रोमीटरच्या जाळीतून गाळतात. तंतू वर अडकतात, अळ्या खाली जातात. द्रव उभ्या नळकांड्यासारख्या भांड्यात अर्धा तास निवू देतात, तळाशी बसलेला गाळ काढतात आणि पंधरा-वीस पट मोठं करून पाहतात. अळी दिसली तर ती गुंडाळी घातलेली दिसते, आणि ऊब मिळाली की हलते.

शंभरात कुठेतरी अळी सापडली तर ती कोणत्या डुकराची? मग पाच-पाच डुकरांचे गट करतात, प्रत्येकाचं २० ग्रॅम. वीस गटांत ज्यात सापडेल, त्यातल्या पाच डुकरांची एकेकटी चाचणी होते. निकाल लागेपर्यंत मांस विक्रीला सोडत नाहीत. जुन्या काचेच्या पद्धतीपेक्षा हिचा एक महत्त्वाचा फायदा आहे. ट्रिकिनेलाची 'स्यूडोस्पायरॅलिस' ही एक जात कोष करतच नाही, त्यामुळे चेपलेल्या मांसात ती सहज नजरेतून सुटते. पचनात मात्र ती बाहेर येते.

तरीही या चाचणीला मर्यादा आहे. एक ग्रॅममध्ये अळी नसेल पण शेजारच्या ग्रॅममध्ये असेल, असं होऊ शकतं. प्रतिग्रॅम एक-दोन अळ्यांची विरळ लागण चाचणीतून निसटते. म्हणजे ती 'अळी नाहीच' असं सांगत नाही. माणूस गंभीर आजारी पडेल इतकी नाही, एवढं ती भरवशाने सांगते. बाकी काम गोठा करतो. बंद गोठ्यात, उंदरांपासून दूर, उकळलेलं किंवा कारखान्यातलं खाद्य खाणाऱ्या डुकराला ही अळी मिळायला वाटच राहत नाही. जर्मनीत आता दरवर्षी माणसांत मोजकेच रुग्ण सापडतात, आणि त्यातले बरेच दुसऱ्या देशातून घरगुती सॉसेज आणल्याने किंवा तिथे खाल्ल्याने झालेले असतात.

मेटची बाजू इथे अर्धीच सांगून झाली. ही चाचणी फक्त ट्रिकिनेला बघते. साल्मोनेला, येर्सिनिया, हिपॅटायटिस ई हे सगळे तिला दिसत नाहीत. म्हणून गर्भवती, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि ज्यांची रोगप्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी कच्चं मांस टाळावं असाच इथला अधिकृत सल्ला आहे. माझं मत विचाराल तर गर्भवतींबाबत यात तडजोड नको.

आता सहकाऱ्याने दिलेल्या रानडुकराकडे वळू. रानडुक्कर मेलेले उंदीर, कोल्हे, सापडेल ते खातं, त्यामुळे लागण फिरत राहते. जर्मनीत प्रत्येक शिकार केलेल्या रानडुकराची ट्रिकिनेला चाचणी सक्तीची आहे, अगदी ते घरी खायचं असलं तरी. प्रशिक्षण घेतलेला शिकारी स्वतः श्वासपटल आणि पुढच्या पायातून नमुना काढून प्रयोगशाळेत देऊ शकतो. प्राण्याला खुणेचा बिल्ला लागतो, सोबत उगमाचा कागद असतो आणि निकाल येईपर्यंत मांस देता येत नाही. हरीण शाकाहारी असल्याने त्याला ही चाचणी लागत नाही. (घोडा मात्र शाकाहारी असूनही फ्रान्स आणि इटलीत साथी पसरवून बसला आहे, म्हणून त्याची तपासणी होते.) तेव्हा मांस घेताना "ट्रिखिनेन तपासलं का?" एवढा प्रश्न अवघड वाटू देऊ नका. चांगल्या शिकाऱ्याला तो अपेक्षितच असतो.

"फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवलं होतं" हे उत्तर पुरेसं नाही. पाळीव डुकरातली सर्वसामान्य जात, 'स्पायरॅलिस', थंडीने मरते: १५ सेंटिमीटरपर्यंत जाड तुकडा उणे १५ अंशांवर वीस दिवस. पण जंगली प्राण्यांत सापडणारी 'ब्रिटोवी' थंडी बऱ्यापैकी सोसते, आणि आर्क्टिक भागातली 'नेटिव्हा' तर वर्षांनुवर्षं गोठून जिवंत राहू शकते. मीठ, धूर आणि वाळवण यांचाही भरवसा नाही. गोव्याचं चौरीस व्हिनेगर, मीठ आणि धुरातून जातं, तरी खाण्याआधी ते शिजवतात, ते याच कारणाने योग्य आहे.

उष्णतेपुढे मात्र कोणतीच जात टिकत नाही. नियम सोपा आहे: तुकड्याच्या मध्यभागी ७० अंश सेल्सियस, किमान दोन मिनिटं. मटणासारखा रस्सा केला आणि तुकडे तासभर उकळले, तर मधला भाग १०० अंशांजवळ पोहोचतोच. त्या रश्श्यात काळजीचं काही उरत नाही. कुकरमध्ये तर अजिबातच नाही. न्युरेम्बर्गच्या बोटाएवढ्या ब्राटवुर्स्टलाही तव्यावर मध्यापर्यंत तापायला वेळ लागत नाही. धोका असतो तो जाड भाजणीत, बार्बेक्यूवर आणि कमी तापमानावर पाण्यात तासन्‌तास ठेवण्याच्या हल्लीच्या पद्धतीत, जिथे 'गुलाबी' रंगासाठी ५५-५८ अंशांवर थांबतात. मायक्रोवेव्हमध्ये कुठे चटका तर कुठे गारवा असतो, म्हणून तिथेही भरवसा धरू नका. रंगावरून ओळखायचं म्हटलं तर रानडुकराचं मांस मुळातच गडद, आणि नायट्राइटयुक्त मिठात मुरवलेलं शिजूनही गुलाबीच राहतं. पाच-दहा युरोचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या, टोक सर्वांत जाड भागात, हाडापासून दूर ठेवा. सॉसेज करताना कच्च्या खिम्याची चव पाहू नका. एक चिमूट तव्यावर भाजून मग मीठ बघा.

शेवटी आपल्याकडच्या एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. "डुक्कर खाल्लं की डोक्यात किडे होतात" हे अनेकांनी घरी ऐकलेलं असतं. तो परजीवी वेगळा, पट्टकृमी. अर्धकच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात लांब किडा होतो. मेंदूतल्या गाठी मात्र त्या किड्याच्या अंड्यांमुळे होतात, आणि अंडी किडा असलेल्या माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीत, हातावर येतात. म्हणून भारतात कधीही डुक्कर न खाल्लेल्या शाकाहारी माणसालाही फिट येऊन तपासणीत हीच गाठ निघते. तिथे थर्मामीटरपेक्षा शौचालय, हात धुणं आणि डुकरांना उघड्यावर चरू न देणं हे जास्त महत्त्वाचं ठरतं.