‘इतिहास’ शोधला, तर ‘अितिहास’ सापडेल का?

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत रोज ड्रॉइंगच्या पीडीएफ उघडणारी मंडळी सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या ग्रंथालयातली जुनी मासिकं स्कॅन करायला बसली, की एक समज बरोबर घेऊन येतात.

गैरसमज : पीडीएफ झाली की शब्द शोधता येतो.

कॅडमधून काढलेल्या ड्रॉइंगमध्ये अक्षरं बहुधा अक्षरं म्हणूनच असतात. स्कॅन केलेलं पान मात्र नुसता फोटो असतो. त्यातली अक्षरं ओळखून फोटोमागे मजकुराचा अदृश्य थर बसवावा लागतो. हे काम टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलवर चालणारी एक फुकट आज्ञावली करते:

```
ocrmypdf -l mar --deskew --sidecar ank.txt ank.pdf ank-ocr.pdf
```

`--deskew` तिरकं पान सरळ करतं आणि `--sidecar` ओळखलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. ही वेगळी फाइल पुढे फार उपयोगी पडते.

गैरसमज : डीपीआय जितका जास्त, तितकं वाचन अचूक.

साध्या छपाईला ३०० डीपीआय पुरतो, जाहिरातींतल्या बारीक टायपाला ४००. त्यापुढे फाइल फुगते आणि चुका होत्या तेवढ्याच राहतात. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई पुढे उमटून दिसते, ती खरी अडचण. पानाखाली काळा कागद सरकवला तर ती बरीच दबते. बांधीव खंडात घडीजवळच्या ओळी वाकतात. तिथे खंड दाबून काचेवर आपटू नका, पुठ्ठ्याची पाठ फाटते. वरून कॅमेऱ्याने फोटो घेतलेला बरा.

आपल्याकडची सवय इथे कामी येते : पहिला पीस पास झाल्याशिवाय लॉट चालवायचा नाही. खंडातलं एक पान घ्या, त्यातले दहा शब्द डोळ्यांनी निवडा. दोन विशेषनामं, दोन-तीन जोडाक्षरं, एखादा आकडा आणि घडीजवळचे दोन शब्द त्यात हवेतच. मग एकेक शब्द पीडीएफमध्ये शोधा. तीन-चार सापडले नाहीत, तर पुढची पानं स्कॅन करण्याआधी प्रकाश, कागद किंवा डीपीआय बदला.

गैरसमज : अक्षरं बरोबर ओळखली गेली की शोध लागतोच.

इथे बहुतेकजण फसतात. ‘किर्लोस्कर’ मासिकाचंच बघा. १९२०मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचं ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून ते निघालं, म्हणजे कारखान्यातल्या आपल्यासारख्यांना जवळचंच. पुढे त्यात सावरकरी लिपी आली : इ, उ, ए ऐवजी अि, अु, अे. अशा अंकाचं वाचन शंभर टक्के बिनचूक झालं, तरी ‘इतिहास’ टाकणाऱ्याला ‘अितिहास’ दिसणार नाही. शिवाय आजच्या लेखनावर तयार झालेलं मॉडेल अशा अक्षरांवर अडखळतं ते वेगळंच.

म्हणून छापील रूप पीडीएफमध्ये जसंच्या तसं राहू द्या. त्यावर ‘शुद्धलेखन’ करू नका, मूळ दस्तऐवज बिघडतो. शोधासाठी मजकुराच्या फाइलची दुसरी प्रत करा:

```
sed 's/अि/इ/g; s/अी/ई/g; s/अु/उ/g; s/अू/ऊ/g; s/अे/ए/g; s/अै/ऐ/g' ank.txt > ank-shodh.txt
```

अनुस्वारांना असा उपाय नाही. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२मध्ये आले, त्याआधीच्या अंकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’ सर्रास असतं. सगळेच अनुस्वार पुसले तर ‘गंगा’ची ‘गगा’ होईल. तेव्हा शोधणाऱ्यालाच सांगायचं, दोन्ही रूपं टाकून बघा. ग्रंथालयाच्या संगणकाशेजारी अशा पंचवीसेक जोड्यांचा कागद चिकटवला, तर रोजचे प्रश्न वाचतात.

गैरसमज : इतकं जुनं, म्हणजे कुठेही टाकायला मोकळं.

लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो आणि ती मोजायची पुढच्या जानेवारीपासून. मासिकात मात्र प्रत्येक लेखाचा हिशेब वेगळा. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०१०च्या अखेरीस मोकळं झालं. ‘किर्लोस्कर’चे संपादक शं. वा. किर्लोस्कर १९७५मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०३५ संपेपर्यंत बांधलेलं. नाव नसलेल्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात.

याचा अर्थ स्कॅनिंग थांबवा असा नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवायला कायदा मुभा देतो. ती प्रत इंटरनेटवर चढवणं किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवणं ही निराळी गोष्ट. तेव्हा प्रत्येक अंकाच्या नोंदीत ‘फक्त ग्रंथालयात’ की ‘सर्वांसाठी’ हा रकाना हवा. एका लेखाबद्दलही शंका असेल, तर सगळ्या अंकापुढे ‘फक्त ग्रंथालयात’.