फोनवरून फोन चार्ज करताना वीज मुरते कुठे?

फोन पालथा ठेवायचा, त्याच्या पाठीवर इअरबड्सची डबी ठेवायची आणि डबीचा दिवा लागलेला पाहायचा. २०१८ मध्ये हुआवेच्या ‘मेट २० प्रो’ने ही सोय आणली, पुढच्या वर्षी सॅमसंगच्या ‘एस १०’मध्ये ती आली आणि मग अनेक महागड्या फोनांत दिसू लागली. अडचणीच्या वेळी ती उपयोगी पडते, यात वाद नाही. मात्र देणाऱ्या फोनमधून निघालेली सगळी वीज घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही, आणि मधली गळती किरकोळ नसते.

समजा, तुमचा आणि मैत्रिणीचा, दोन्ही फोन ५००० एमएएच बॅटरीचे आहेत. तिचा फोन बंद पडायला आला आहे आणि तुम्हाला त्यात २० टक्के भर घालायची आहे. पाठीला पाठ लावून दिलेल्या विजेपैकी ढोबळमानाने निम्मीच पलीकडच्या बॅटरीत साठते. म्हणजे तिला २० टक्के मिळेपर्यंत तुमचे सुमारे ४० टक्के संपतात. तेच काम टाइप-सी केबलने केले, तर साधारण २५ ते २७ टक्क्यांत भागते. वेळेचेही तसेच. पाठीवरून मिळणारी वीज बहुधा साडेचार वॅटच्या आसपास असते, त्यामुळे २० टक्क्यांसाठी तास-सव्वा तास सहज जातो. तेवढ्या वेळात मैत्रीण रील्स पाहत बसली, तर आलेली वीज स्क्रीनच खाऊन टाकतो.

निम्मी वीज जाते कुठे? बॅटरीतून मिळतो तो एका दिशेने वाहणारा, चारेक व्होल्टचा प्रवाह. त्याचा दाब आधी वाढवावा लागतो. मग सेकंदाला लाखभर वेळा दिशा बदलणारा प्रवाह तयार करून तो फोनच्या पाठीमागच्या तांब्याच्या कॉइलमध्ये सोडला जातो. त्यातून उठणारे चुंबकीय क्षेत्र समोरच्या कॉइलमध्ये पुन्हा प्रवाह निर्माण करते, तो सरळ करावा लागतो आणि शेवटी त्या बॅटरीला झेपेल इतक्या दाबावर आणावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन जाते. केबल लावली की कॉइलचे टप्पे वगळले जातात, बाकीचे राहतात. म्हणून केबलनेही शंभर टक्के पोचत नाही.

कॉइल एकमेकींवर नीट बसल्या नाहीत तर निम्म्याचेही गणित बिघडते. जाड कव्हर, पाठीला चिकटवलेली धातूची रिंग किंवा जरा सरकलेली डबी एवढे कारण पुरते. फोनची पाठ चांगलीच तापली आणि समोरची टक्केवारी जेमतेम हलली, तर वीज बॅटरीत न जाता उष्णतेत जात आहे असे समजावे. कव्हर काढा आणि डबी फोनच्या मधोमध ठेवा.

इअरबड्सच्या बाबतीत एक गंमत आहे. वीज आधी डबीच्या बॅटरीत साठते आणि तिथून बड्समध्ये जाते, म्हणजे गळती दोनदा. शिवाय डबी भरत आली की ती अगदी थोडी वीज ओढते, पण फोनची कॉइल तेवढ्यासाठीही चालूच ठेवावी लागते. ५०० एमएएचची रिकामी डबी काठोकाठ भरायला फोनची वीस-पंचवीस टक्के बॅटरी जाऊ शकते. उलट दोन्ही बड्स मिळून जेमतेम १०० एमएएचचे असतात. त्यामुळे डबी पूर्ण भरण्याचा हट्ट नको. दहा-पंधरा मिनिटे ठेवून उचलली, तरी तासाभराच्या ऐकण्याची सोय बहुधा होते.

आपल्या फोनची गळती घरीच मोजता येते. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर टाका, स्क्रीन बंद ठेवा आणि दोघांची बॅटरी ४० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असताना सुरुवात करा, कारण दोन्ही टोकांना टक्केवारी फारशी भरवशाची नसते. अर्ध्या तासाने पाहा. तुमचे १६ टक्के गेले आणि समोरचे ७ वाढले, तर पोचले सुमारे ४४ टक्के. बॅटऱ्या वेगवेगळ्या आकाराच्या असतील, तर टक्क्यांचे आधी एमएएच करून घ्या.

आयफोनच्या पाठीवरून दुसरे उपकरण चार्ज होत नाही, पण आयफोन १५पासून पुढचे फोन टाइप-सी केबलने साडेचार वॅटपर्यंत वीज देतात. दोन अँड्रॉइड फोन केबलने जोडल्यावर कधीकधी गंगा उलटी वाहते आणि रिकामा फोनच भरलेल्याला वीज देऊ लागतो. तेव्हा देणाऱ्या फोनवरची यूएसबीची सूचना उघडून ‘Charge connected device’ निवडावे.

दुसऱ्या फोनला वीज द्यायची असेल तर केबलच लावा. पाठीवरचे चार्जिंग इअरबड्स आणि घड्याळापुरते ठेवा. बॅगेत वीतभर लांबीची टाइप-सी ते टाइप-सी केबल असू द्या.