टोमणा घरात कोण आणतं?

मुलगी ३६ वर्षांची, मुलगा ३९चा. दोघंही पुण्यात नोकरीला. तिचं माहेर नाशिकचं, त्याचं घर कराडचं. एकमेकांना पसंत पडले, घरच्यांनी होकार दिला, लग्न रजिस्टर करायचं ठरलं. जोडपं उदाहरणादाखल घेतलंय, पण तुमच्या नात्यागोत्यात असं एखादं असेलच. होकारानंतर पंधरा दिवसांच्या आत या दोघांचं पहिलं कडाक्याचं भांडण झालं. निमित्त होतं त्याच्या आत्याचं एक वाक्य.

आत्या कराडला त्याच्या आईला म्हणाली, "मुलगी चांगलीच आहे गं, पण या वयात... एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणावं." आईने रात्रीच्या फोनवर ते लेकाच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी जेवताना तो तिला म्हणाला, "आमची आत्या काय म्हणत होती माहितीये?" आत्यावर दोघांनी मिळून हसावं, एवढाच त्याचा हेतू. तिला मात्र वाटलं, हा प्रश्न यालाच पडलाय आणि विचारतोय आत्याच्या नावाने. "मग तू काय म्हणालास?" "मी काय म्हणणार? आईला म्हटलं, बघू." त्या 'बघू'ने घात केला. पुढचे दोन तास आत्या राहिली बाजूला, आणि 'तू माझी बाजू घेतली नाहीस' यावर रण माजलं.

यात आत्याचा दोष किती? माझ्या मते निम्म्याहून कमी. ती कराडला बोलली आणि विसरली असेल. तिचं वाक्य दीडशे किलोमीटर वाहून पुण्याच्या ताटापर्यंत कोणी आणलं, हे पाहायला हवं. कुटुंबातल्या ताणाचा अभ्यास करणारे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी हे फार नेमकं हेरलं होतं. दोन माणसांमधली अस्वस्थता असह्य झाली की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. याला त्यांनी 'त्रिकोण' म्हटलं. आईला आत्याचं बोलणं पेलवेना, तिने मुलाकडे टोलवलं. मुलाला पेलवेना, त्याने होणाऱ्या बायकोकडे. प्रत्येकाचं ओझं तेवढ्यापुरतं हलकं झालं आणि ते जाऊन पडलं अशा माणसावर, ज्याला आत्याला उत्तर देण्याची सोयच नाही.

म्हणून पहिली वाटणी इथे करावी लागते. कराडचं उत्तर तो देईल, नाशिकचं ती देईल. सुनेने सासरच्या आत्याला सुनावलं की 'बघा, आत्तापासूनच तोंड चालतंय' असं होतं. तेच सख्ख्या भाच्याने म्हटलं तर आत्या फार तर चार दिवस फुगून बसते. आणि जे उत्तर देऊन संपलंय, ते जोडीदाराला सांगायलाच हवं असं नाही. सांगायचंच असेल तर वाक्याचा शेवट आधी सांगावा: "आत्या वयावरून बोलली, मी तिला सांगितलं की तो आमच्या दोघांचा विषय आहे." इथे ती काय बोलली यापेक्षा तू काय बोललास ते तिच्या कानाशी आधी पोचतं. मात्र ज्या गोष्टीचा जोडीदारावर थेट परिणाम होणार आहे, उदाहरणार्थ वडील लग्नाला यायचं नाही म्हणतायत, ती दडवू नये. बाहेरून कळली तर टोमण्यापेक्षा ती लपवाछपवीच जास्त लागते.

आता आत्याच्या वाक्यात बोचलं काय, तेही पाहू. 'एवढी वर्षं काय केलंत?', 'पत्रिकेत काही होतं का?' हे प्रश्न नुसते खोचक असतात, ऐकून सोडून देता येतात. मुलांचा विषय तसा नाही, कारण त्यात थोडं खरं आहे. पस्तिशीनंतर स्त्रीची गर्भधारणेची क्षमता जास्त वेगाने कमी होते. पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो, जो आत्या सोयीने विसरते. पस्तिशीच्या आतल्या जोडप्याला डॉक्टर सहसा वर्षभर प्रयत्न करायला सांगतात. स्त्री पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांनीच या म्हणतात, आणि चाळिशीनंतर थांबूच नका म्हणतात. तेव्हा मूल हवं का, कधी हवं, तपासणी करायची तर दोघांची करायची का, हे त्या दोघांनी एकदा नीट बोलून घ्यायला हवं. पण टोमण्याच्या रात्री नाही. रविवारी सकाळी, पोटात नाश्ता असताना. एकदा दोघांचं ठरलं की आत्याच्या वाक्याला धार उरत नाही. ठरलेलंच नसेल तर तिचं प्रत्येक वाक्य त्या न बोललेल्या विषयावर बोट ठेवतं.

तरीही भांडण पेटलंच तर? वैवाहिक नात्यांवर संशोधन करणारे जॉन गॉटमन सांगतात की वादात हृदयाचे ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की समोरच्याचं ऐकून घेणं माणसाला जमेनासं होतं. शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात. म्हणून उठून जावं, पण "साडेनऊला परत बोलू" असं सांगून जावं. न सांगता निघून जाणं म्हणजे आपल्याकडे सरळ अबोला. आणि ती वीस मिनिटं गच्चीवर मनातल्या मनात पुढचे मुद्दे जुळवण्यात घालवली तर ठोके खाली येतच नाहीत.

नातेवाइकांसाठी दोघांनी मिळून एकच वाक्य ठरवावं आणि कारण देऊ नये. "नोकरीमुळे उशीर झाला" म्हटलं की "एवढी कसली नोकरी?" आलंच. "आम्हाला आत्ता योग्य वाटलं," एवढं पुरे. पुन्हा विचारलं तर तेच, त्याच आवाजात. दुसऱ्या वेळी नवं उत्तर दिलं की विचारणाऱ्याला नवा धागा मिळतो.

या जोडप्याला आणखी एक परीक्षा आहे. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, आणि तीस दिवस थांबावं लागतं. त्या महिन्यात "कोणी हरकत घेतली तर?" अशी कुजबुज ठरलेली. पण हरकतीला कायद्यातलंच कारण लागतं: आधीचा जोडीदार हयात असून ते लग्न कायम असणं, संमती देण्याची मानसिक क्षमता नसणं, वय कमी असणं, निषिद्ध नातं असणं. वय जास्त आहे किंवा आत्याला पसंत नाही, ही कारणं त्या यादीत नाहीत. हे दोघांनाही माहीत असलं की त्या महिन्यातली निम्मी धास्ती जाते.

सगळ्यात अवघड जागा आईची. तिला ठरवलेलं वाक्य ऐकवून चालत नाही, कारण खरा मारा तिच्यावरच होतो: भिशीत, हळदीकुंकवात, देवळाच्या पायरीवर. तिथे तिच्याजवळ उत्तर नसतं, म्हणून ती रात्री फोन करते. तिला गप्प बसवण्यापेक्षा तिच्या हातात काहीतरी द्यावं. आमच्या उदाहरणातल्या मुलाने पुढच्या फोनवर आईला नोटिशीची तारीख सांगितली, जेवण कुठे आहे ते सांगितलं, आणि म्हणाला, "आत्याने परत विचारलं तर सांग, मुलांचं त्यांचं ठरलंय, मला विचारू नकोस." आई थोडी थांबली आणि म्हणाली, "मेनूत पुरणपोळी ठेवणार आहात ना? तिला तेच आधी विचारायचंय."