पहाटे तीनची जाग

मार्चअखेर जवळ आली की हिशेब खात्यातल्या माणसाची एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री दहाला पाठ टेकताच झोप लागते, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. मग ताळेबंद, साहेबांचं बोलणं, मुलीची फी असं एकामागून एक डोक्यात फिरू लागतं. सहाला उठेपर्यंत तळमळ चालते.

हे तीनलाच का होतं? दिवसभराच्या जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठतं आणि त्यामुळे झोपेची ओढ वाढते. गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पूर्वार्धात येते आणि तीनपर्यंत ही ओढ बरीचशी फिटलेली असते. पुढची झोप हलकी असते. तिला मुख्य आधार असतो तो शरीराच्या घड्याळाचा. त्यातच पहाटेकडे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढू लागतं. एरवी अशी जाग क्षणभराची असते, सकाळी आठवतही नाही. पण मनावर ताण असला की मेंदू सावधच राहतो आणि क्षणभराच्या जागेत विचार शिरतात.

दुसऱ्या दिवशी हा माणूस जे करतो, त्याने दुखणं मुरतं. सुस्ती घालवायला तो संध्याकाळी सहाला कडक चहा घेतो. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून ठेवतं. त्यातलं निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे अकरा वाजता निम्मं अंगात असतंच. झोप लागली तरी ती उथळ होते. रविवारी तो नऊपर्यंत लोळतो, दुपारी झोपतो. त्यामुळे घड्याळ पुढे सरकतं आणि रात्रीसाठी ओढही उरत नाही.

यावरचा उपाय उलटा वाटेल असा आहे. हा माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण झोपतो जेमतेम साडेपाच तास. त्याने काही आठवडे रात्री बारालाच आडवं व्हावं आणि सुट्टीच्या दिवशीही सहाला उठून उजेडात जावं. दुपारी झोपू नये, चहा दुपारी बाराच्या आत संपवावा. तीनला जाग आली आणि झोप येईना, तर घड्याळ न बघता उठून मंद उजेडात बसावं. डोळे जड झाले की मगच परतावं. अंथरुण म्हणजे काळजीची जागा ही सवय त्यानेच मोडते. झोप सलग होऊ लागली की निजण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी.

पहिले काही दिवस दिवसा पेंग येते. त्यामुळे वाहनचालकांनी, तसंच फेफरं किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि पहाटेच्या जागेसोबत सतत उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, तर ते नैराश्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी झोपेची गोळी मनाने घेऊ नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.