‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ लिहिलं तरी

मैत्रिणींनो, पनवेलच्या समाजमंदिरात वकीलताईंचं ग्राहक हक्कांवर बोलणं झालं. त्यांनी दिलेलं शिलाई मशीनचं उदाहरण आपल्या प्रत्येकीला लागू पडतं, म्हणून इथे देत आहोत.

समजा, तुम्ही ब्लाऊज शिवून घर चालवण्यासाठी ९,५०० रुपयांचं मशीन घेतलं. आठवड्यातच टाका सुटायला लागला. मेकॅनिक म्हणाला, आतला भागच सदोष आहे. दुकानदार बिलाकडे बोट दाखवतो, ‘खाली छापलंय ना, विकलेला माल परत नाही.’

हे छापल्यामुळे तुमचा हक्क जात नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. परत घेण्याची मुदत बिलावर असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. मात्र मालात दोष हवा. घरी आल्यावर साडीचा रंग आवडला नाही, तर परत घ्यायचं की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर.

दुकानदार असंही म्हणेल, ‘तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक कसल्या?’ तेही खरं नाही. फक्त पोट भरण्यासाठी, स्वतः राबून वापरायला घेतलेल्या वस्तूची खरेदीदार ग्राहकच असते. दुकानात जशीच्या तशी विकायला घेतलेल्या मालाला मात्र हे लागू नाही.

सगळं अडतं ते बिलापाशी. ‘बिल नको, थोडे कमी द्या,’ म्हटलं की आपण खूश होतो. मोबाइलवरून पैसे दिल्याचा मेसेज पैसे गेले एवढंच सांगतो, वस्तू कोणती ते सांगत नाही. म्हणून दुकानाचं नाव, तारीख, वस्तू आणि किंमत असलेलं पक्कं बिल मागा. बिल न देणं हीदेखील अनुचित प्रथाच आहे. शाई उडते, तेव्हा घरी आल्याबरोबर बिलाचा फोटो काढा.

दोष दिसला की मशीन चालवत राहू नका. दोषाचा फोटो घ्या आणि दुकानदाराला लेखी कळवा: कधी घेतलं, काय बिघडलं, पैसे परत हवेत की बदली मशीन. पत्राची एक प्रत आणि पोच जपून ठेवा. नुसतं तोंडी भांडण पुढे सिद्ध करता येत नाही.

तरी ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीशी बोलून तडजोड घडवते, पण आदेश देऊ शकत नाही. आदेश मिळतो जिल्हा ग्राहक आयोगाकडून. रायगडचा आयोग अलिबागला आहे. खरेदी मुंबईत केली असली, तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र जायला हवं.