ओले नाक, लसूण, हळद आणि गोचीड-ताप : घरगुती समजुती पुराव्याच्या कसोटीवर

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील श्वानपालकांची गोचिडांशी लढाई सुरू होते. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेच्या पट्ट्याखाली करड्या-तपकिरी रंगाचे हे परजीवी चिकटलेले आढळतात, आणि घरोघरी तेच तीन सल्ले फिरू लागतात. कुत्र्याचे नाक ओले आणि गार असेल तर तो निरोगी आहे. रोज लसणाच्या दोन-चार पाकळ्या खाऊ घातल्या तर गोचीड अंगाला लागत नाहीत. आणि चावलेल्या जागी हळद भरली की काम झाले. हे तिन्ही सल्ले पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असून त्यांपैकी एकही निव्वळ वेडगळपणाचा नाही. मात्र गोचिडांमुळे होणाऱ्या तापात हे तिन्ही एकत्र आले तर पहिला आजार झाकतो, दुसरा तो वाढवू शकतो आणि तिसरा त्याच्या खुणा पुसतो. कसे, ते क्रमाने पाहू.

आधी आजाराविषयी थोडक्यात. आपल्याकडे कुत्र्यांना प्रामुख्याने लागतो तो तपकिरी गोचीड. त्याच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचे जिवाणू किंवा बबेसिया नावाचे एकपेशीय परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरतात. एर्लिकियाची लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, मरगळ आणि अन्नावरची वासना जाणे ही लक्षणे दिसतात. रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या प्लेटलेट पेशी झपाट्याने घटतात, त्यामुळे नाकातून रक्त येणे किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटणे असे प्रकार घडतात. बबेसिया थेट तांबड्या रक्तपेशींत शिरून त्या फोडतो. हिरड्या फिकट पडतात आणि कधी लघवी गडद तांबूस होते. वेळीच ओळखले तर दोन्हींवर औषध आहे. अडचण आहे ती ‘वेळीच’ या शब्दाची.

नाक काय सांगते आणि काय सांगत नाही

कुत्र्याचे नाक ओले राहते ते नाकपुड्यांतील ग्रंथींच्या पातळ स्रावामुळे आणि तो सतत जिभेने नाक चाटत असल्यामुळे. ओलाव्यात गंधाचे कण अडकतात, म्हणून हा ओलावा त्याच्या घ्राणशक्तीच्या कामाचा असतो. बाष्पीभवनामुळे नाकाचा शेंडा गारही लागतो. म्हणजे नाकाचा ओलेपणा आणि गारवा ठरतो तो स्राव, चाटणे, हवेतील दमटपणा व वारा यांवर. शरीराच्या आतील तापमानाशी त्याचा थेट संबंध नाही. झोपेत कुत्रा नाक चाटत नाही, म्हणून उठल्याबरोबर धडधाकट कुत्र्याचेही नाक कोरडे व कोमट असते. उलट, जुलैच्या दमट हवेत तापाने फणफणलेल्या कुत्र्याचे नाक ओलसर राहू शकते.

या समजुतीला थोडासा आधार आहे, तोही सांगायला हवा. डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगात नाकाची व पंजाच्या गादीची कातडी जाड, कोरडी व राठ होते. नाक कित्येक दिवस सलग कोरडे राहून त्याला भेगा पडल्या, त्याचा काळा रंग उडू लागला किंवा एकाच नाकपुडीतून स्राव येऊ लागला, तर तपासणी करून घ्यावीच. परंतु ‘आज ताप आहे का’ या प्रश्नाचे उत्तर नाकाकडे नाही.

ते उत्तर थर्मामीटरकडे आहे. कुत्र्यासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर ठेवावा. त्याच्या टोकाला व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात दोन-तीन सेंटिमीटर अलगद सारावे आणि आवाज होईपर्यंत धरावे. दुसऱ्या माणसाने कुत्र्याची मान कुशीत घेतलेली बरी. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा जास्तच. म्हणूनच हाताला ‘गरम लागतो’ हा अंदाजही फसवा ठरतो. विसावलेल्या कुत्र्याचे तापमान १०३ अंशांच्या वर गेले तर तो ताप समजावा. त्याच वेळी ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. ज्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

लसूण : गोचिडांना किती, रक्ताला किती

लसणाने गोचीड दूर राहतात या समजुतीची माणसांवर एकदा चाचणी झाली आहे. स्वीडनमधील लष्करी प्रशिक्षणार्थींना काही आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम लसूण देऊन पाहण्यात आले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार गोचीड चावण्याचे प्रमाण सुमारे तीन दशांशांनी घटले. लसणाच्या बाजूने ही जमेची गोष्ट. पण ती माणसे होती, तेथील गोचीड वेगळ्या जातीचे होते आणि परिणाम मर्यादित होता. अंगावर दहा गोचीड चढायचे तेथे सात चढले, तर एवढ्याने कुत्रा वाचत नाही. चिकटलेल्या एकाच बाधित गोचिडाकडून काही तासांत एर्लिकिया रक्तात उतरू शकतो.

आता रक्ताकडे वळू. लसूण आणि कांदा यांतील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनची मोडतोड करतात. अशा खराब झालेल्या पेशी शरीर स्वतःच काढून टाकते आणि रक्त कमी होते. शिजवल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा गुण जात नाही. जपानमधील होक्काइडो विद्यापीठातील संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार कुत्र्यांना सात दिवस रोज लसणाचा अर्क दिला. त्याचे प्रमाण, वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाच ग्रॅम अख्ख्या लसणाइतके होते. सर्व कुत्र्यांच्या तांबड्या पेशी घटल्या आणि त्यांत मोडतोडीच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. तरी एकही कुत्रा उघडपणे पांडुरोगी झाला नाही.

बारा किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ६० ग्रॅम होते, म्हणजे बाजारातील मध्यम आकाराचे जवळजवळ दोन गड्डे. तेव्हा चुकून एक पाकळी खाल्ली म्हणून धडधाकट मोठ्या कुत्र्याच्या मालकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र त्या प्रयोगातील एक बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेशींची संख्या सर्वांत खाली गेली ती पहिल्या डोसापासून नवव्या ते अकराव्या दिवशी, म्हणजे लसूण बंद केल्यानंतर. पहिले चार दिवस काही झाले नाही, म्हणून लसूण सोसतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. आणि हे कुत्रे निरोगी होते. ज्याच्या रक्तपेशी गोचीड-तापाने आधीच घटत आहेत, त्याच्यासाठी सुरक्षित मात्रा कोणती, हे त्या प्रयोगावरून ठरत नाही.

हळद : प्रयोगशाळेत एक, जखमेवर दुसरे

हळदीतील कुरकुमिन हे द्रव्य प्रयोगशाळेच्या बशीत अनेक जिवाणूंची वाढ रोखते, हे खरे आहे. परंतु हळदपुडीत ते वजनाच्या काही टक्केच असते आणि पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. त्यामुळे दूध-हळद पाजून रक्तातील एर्लिकिया मरेल, ही अपेक्षा निराधार आहे. सांधेदुखीच्या कुत्र्यांवर हळदीच्या अर्काची एक काटेकोर चाचणी ब्रिटनमध्ये झाली. तपासणाऱ्या पशुवैद्यांना काही सुधारणा जाणवली. पण कुत्रा पायावर किती भार टाकतो हे यंत्राने मोजले, तेव्हा अर्क घेतलेल्या आणि न घेतलेल्या कुत्र्यांत लक्षणीय फरक आढळला नाही.

जखमेवरची हळद वेगळ्या कारणाने अडचणीची ठरते. स्वयंपाकघरातील पूड निर्जंतुक नसते, ती ओल्या जखमेत गोळा होऊन बसते आणि पिवळा रंग दिवसेंदिवस जात नाही. गोचीड-तापात पशुवैद्य प्रथम पोटाची उघडी कातडी पाहतात. तेथे लाल ठिपके आहेत का, कातडी पिवळसर झाली आहे का, यावर त्यांचा पुढचा तर्क उभा राहतो. तेल-हळदीचा लेप दिलेल्या पोटावर यातले काहीच वाचता येत नाही. चावलेल्या जागेसाठी साबण आणि स्वच्छ पाणी पुरेसे आहे. जखम गोचिडाची नसून अनोळखी कुत्र्याच्या चाव्याची असेल, तर हातमोजे घालून ती साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी पशुवैद्याकडे जावे. तेथे हळद भरून थांबणे जिवावर बेतू शकते.

तिन्ही एकत्र आले की

समजा, बारा किलोचा एक पाळीव कुत्रा जुलैच्या पहिल्या आठवड्यात गोचिडांनी भरला. मालक त्याला रोज चार पाकळ्या लसूण घालू लागला आणि चाव्यांवर तेल-हळद चोळू लागला. बाराव्या दिवशी कुत्र्याने अन्न अर्धे टाकले. नाक ओले आणि गार. म्हणून ‘पावसाने सुस्तावला असेल’ असे ठरले. पंधराव्या दिवशी तो जिना चढेना. थर्मामीटर लावला असता तर बाराव्या दिवशीच १०४ अंश दिसले असते. त्या दिवशी रक्ततपासणी झाली असती, तर एक लाखाच्या खाली आलेल्या प्लेटलेटने एर्लिकियाची शंका आली असती. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. निदान पक्के झाल्यावर सहसा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुमारे चार आठवडे दिले जाते, आणि बरेच कुत्रे पहिल्या दोन-तीन दिवसांतच खाऊ लागतात. वाया गेले ते तीन दिवस नाकाच्या भरवशावर गेले. याच काळात माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी देण्याचा मोहही आवरावा. पहिलीने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, तर दुसरीची मात्रा चुकली की यकृत आणि रक्तपेशींना इजा होते.

गोचीड रोखण्यासाठी पशुवैद्य वजनानुसार देतात त्या गोळ्या किंवा मानेवर सोडायचे थेंब यांची परिणामकारकता कुत्र्यांवरच तपासलेली असते. त्याबरोबर घराकडेही पाहावे लागते. तपकिरी गोचिडाची मादी रक्त पिऊन अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, चौकटीमागे वा अंथरुणाच्या शिवणीत हजारो अंडी घालते. कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे. बाकीचे घरात असतात. अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि फटी बुजवणे हे कोणत्याही पाकळीपेक्षा उपयोगाचे आहे. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा आणि काढल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहावी. पुढचे तीन आठवडे भूक मंदावली की त्या तारखेकडे पाहावे आणि थर्मामीटर काढावा.